होडीच्या गणिताला कुंपण

बसा साहेब, पुढंच बसा. मागं सगळं बर्फाचं पाणी साचलंय, पँट भिजंल. तुमची गाडी जासईला उभी राहिली ती काय कुठं पळत नाय. गॅरेजवाला माझ्या ओळखीतला हाय, आणील टोचन करून. काच खाली घ्या, वास येईल जरा, बंदरावरनं येतोय ना.

तुमी बोललात परीक्षेचे पेपर काढता. काम आणि वेळ, वेग आणि अंतर, असली गणितं. मग पनवेल येईपर्यंत तुमाला एक गोष्ट सांगतो. खास तुमच्या धंद्यातली हाय. हसलात तरी चालंल, पण झोपू नका. झोपलेला माणूस शेजारी असला की मला पण झोप येते, आणि मग दोघांची गोष्ट संपते.

मी काशिराम. घर मूळचं करंजाचं. बापाची होडी होती, मी पण वल्हं मारलंय, जाळं ओढलंय. मग टेंपो घेतला. पनवेलच्या फॅक्टरीतनं बर्फ भरायचा, करंजा बंदराला टाकायचा, रिकामा परत. बायको गुणाबाई, ती पनवेलच्या मार्केटला म्हावरं विकते. मी सातवीपर्यंत शाळेत गेलो. बसलो बोला, शिकलो नका बोलू. पोरगी मोनाली मात्र हुशार निघाली. बी. कॉम. झाली. आणि तिला बँकेत लागायचं होतं.

ही गोष्ट दोन हजार तेराची. त्याच्या आधी ती बँकेच्या क्लार्कच्या परीक्षेला दोनदा बसली, दोनदा पडली. लांबनं पडली असती तर मनाला एवढं लागलं नसतं. काठावर येऊन पडायची. दुसऱ्यांदा पडली तेव्हा जेवायला बसलो होतो, तर ताटावर बसून बोलली, "आता एकदाच. या वेळेला नाय झालं तर मी आईबरोबर मार्केटला बसणार. पुन्हा फॉर्म भरणार नाय."

गुणाबाई बोलली, "मार्केटला बसायला अक्कल लागते, मोने. तुला बोंबील ताजा कुठला नि शिळा कुठला ते कळतं काय?"

पोरगी हसली नाय. तेव्हा मला कळलं की हे खरं बोलणं हाय. मार्केटला बसण्यात वाईट काय नाय साहेब, आमचं घर त्याच्यावरच उभं हाय. पण पोरगी तिथं हरून येऊन बसली असती, ते मला नको होतं.

मग कोणीतरी सांगितलं, पनवेलजवळ विचुंब्याला नाथन सर हायेत, त्यांच्याकडं पाठव. नाथन सर म्हंजे आपल्या कोकणातलेच इस्रायली, ज्यू धर्माचे. बँकेत जन्म काढला, रिटायर झाले, आणि घरच्या हॉलमधी पोरांना शिकवायला लागले. दुसरा मजला, लिफ्ट नाय, दाराच्या चौकटीला त्यांच्या धर्माची एक तिरकी छोटी डबी ठोकलेली, बाहेर चपलांचा ढीग. शनिवार त्यांचा पाळायचा वार, क्लास बंद. बाकी सगळे दिवस चालू. मी परतीच्या फेरीला मोनालीला घ्यायला जायचो, खाली हॉर्न मारायचो. एके दिवशी सरांनी खिडकीतनं डोकं काढलं. "काशिरामभाऊ, हॉर्न कमी आणि जिने जास्त. वर या, चहा घ्या."

तेव्हापासनं मी वर जायला लागलो. मागं चटईवर बसायचो. चहा मिळायचा, आणि तमाश्याला तिकीट नाय.

त्या माणसाची शिकवायची रीत बघा. फळ्यावर गणित लिहायचे आणि ओरडायचे, "पेनं खाली." पोरांनी पेनं जमिनीवर ठेवायची. मग बोलायचे, "आधी कुंपण." म्हंजे काय, की उत्तर काढायच्या आधी सांगायचं, ते कुठल्या दोन खांबांच्या मधी असणार. याच्या खाली जाऊ शकत नाय, याच्या वर जाऊ शकत नाय. कुंपण घातल्याशिवाय पेनाला हात लावायचा नाय. मग गणित करायचं, आणि उत्तर कुंपणाच्या बाहेर पडलं तर ते कितीही गोंडस दिसू दे, फेकून द्यायचं आणि पुन्हा करायचं.

आमच्या पोरीचा हात लय जलद. त्याच्यामुळंच ती मार खायची. पहिल्याच आठवड्यात सरांनी घातलं: एक गवंडी भिंत सहा दिवसांत बांधतो, दुसरा बारा दिवसांत. दोघं मिळून किती दिवसांत? मोनालीनं पेन खाली ठेवायच्या आतच सांगितलं, "नऊ."

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "मोनाली, पहिला गवंडी एकटा सहा दिवसांत उरकतो. दुसरा मदतीला आला आणि काम नऊ दिवसांवर गेलं. हा दुसरा मदत करायला आलाय की तंबाखू मळायला?"

हॉल हसला. मी पण हसलो, आणि पोरीनं मागं वळून माझ्याकडं असं बघितलं की मी कपात तोंड लपवलं.

सर बोलले, "नाराज होऊ नकोस. सहा आणि बाराची सरासरी काढलीस, सगळे काढतात. पेपर काढणाऱ्यालाही ठाऊक असतं, म्हणून पर्यायांत नऊ ठेवलेलाच असतो. आता कुंपण घाल. जास्तीत जास्त किती?"

"सहाच्या आत."

"आणि कमीत कमी?"

तिनं बोटांवर मोजलं. मग बोलली, "दुसरा पण पहिल्यासारखाच जलद असता तर तीन. पण तो हळू हाय, म्हणून तीनच्या वर."

"तीन आणि सहाच्या मध्ये. आता उचल पेन."

पहिला रोज भिंतीचा सहावा भाग करतो, दुसरा बारावा. मिळून बारातले तीन, म्हंजे पाव भिंत. चार दिवस. पर्याय होते दोन, चार, नऊ, अठरा. म्हंजे कुंपणातनंच दिसत होतं, पेन नसतं उचललं तरी चाललं असतं.

क्लासात एक शैलेश नावाचा पोरगा होता, सूत्रं तोंडपाठ असलेला. तो बोलला, "सर, परीक्षेत एका गणिताला मिनिट पण मिळत नाही. कुंपण घालत बसलो तर पेपर तिथंच राहील."

"बरं," सर बोलले. "दोनशे मीटरची गाडी, तीनशे मीटरचा फलाट, वेग ताशी बहात्तर किलोमीटर. किती वेळात पार करेल? तू सूत्रानं सांग, मी घड्याळ लावतो."

शैलेशनं धडाधड पाचशे भागिले बहात्तर केलं. "जवळपास सात सेकंद."

"ताशी साठ म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. हे तरी ठाऊक आहे?"

"हो सर."

"तुझी गाडी त्याच्याहून थोडी जलद. जायचंय अर्धा किलोमीटर. मग अर्ध्या मिनिटाला थोडं कमी लागेल, की सात सेकंद? सात सेकंदांत अर्धा किलोमीटर जायला तिला पंख लावावे लागतील, शैलेश."

शैलेशनं किलोमीटर आणि मीटर एकत्र कालवले होते. ताशी बहात्तर म्हंजे सेकंदाला वीस मीटर, आणि पाचशेला पंचवीस सेकंद. पण पोरगा खिलाडू होता. बोलला, "सर, तुमचं घड्याळ किती झालं?"

"कुंपणाला पाच सेकंद लागले. आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, ते वेगळंच."

आता खरी गोष्ट येते साहेब. हा गव्हाण फाटा गेला बघा, आता रस्ता चांगला हाय.

त्या दिवशी सरांनी होडीचं गणित घातलं. स्थिर पाण्यात होडीचा वेग ताशी दहा किलोमीटर. प्रवाहाचा वेग ताशी दोन. होडी प्रवाहाबरोबर चोवीस किलोमीटर जाते आणि परत त्याच जागी येते. एकूण वेळ किती?

मी मनात बोललो, आता मात्र आमची पोरगी सगळ्यांना दाखवणार. होडी म्हंजे आमच्या घरातली वस्तू. मोनालीनं पेन खाली ठेवलं, उचललं, आणि बोलली, "चार तास."

"कुंपण?"

"घातलं नाय सर. पण होडीचं हाय, मला माहीत हाय."

"कसं काढलंस ते तरी सांग."

"दहा आणि दोन बारा. चोवीसला बारानं भागलं, दोन तास जायला. दोन तास यायला. चार."

सर बोलले, "यायलासुद्धा बारा?"

आणि इथं साहेब, मी चटईवरनं तोंड उघडलं. "बरोबर हाय सर. तिचं बरोबर हाय."

सगळा हॉल मागं वळला. सर बोलले, "कसं काय, काशिरामभाऊ?"

"सर, होडी जाताना ओहोटीला जाते. पाणी उतरत असतं, ते तुमाला बाहेर नेतं. येताना भरतीला यायचं. पाणी चढत असतं, ते तुमाला आत आणतं. दोन्ही वेळा पाणी आपल्या बाजूनं. उलट्या पाण्याला वल्हं मारत कोण येतो? माझा बाप बंदराच्या तोंडाशी नांगर टाकून विडी ओढत बसायचा, पण उलट्या पाण्याला यायचा नाय."

सरांनी खडू खाली ठेवला. मग फळ्यावर टेकून हसायला लागले, चष्मा काढून डोळे पुसले. मोनाली लाल झाली होती. सरांच्या बायकोनं, तमारबाईंनी, आतनं विचारलं, "काय झालं हो?" तर सर बोलले, "काही नाही, काशिरामभाऊंनी आपल्या नदीला भरती आणली."

मग माझ्यासमोर येऊन बसले. "भाऊ, तुमचं खाडीला शंभर टक्के बरोबर आहे. पण पेपरातली होडी नदीत असते. नदीचं पाणी एकाच बाजूला वाहतं. जाताना सोबत, येताना विरोधात."

"कुठली नदी?"

"पेपरातल्या नदीला नाव नसतं."

"मग त्या होडीवाल्याला सांगा, उतारानं गेलाच कशाला एवढा लांब? परत यायचंय ते माहीत नव्हतं काय?"

"ते मी शाळेत असल्यापासून विचारतोय," सर बोलले. "उत्तर आलं की तुम्हाला कळवतो."

मग उठून पोरांकडं वळले. "पण हे बघा, मोनालीला नदी कळली नव्हती तरी कुंपणानं तिला वाचवलं असतं. कसं? पाणी अजिबात वाहत नाही असं धरा. जाऊन येऊन अठ्ठेचाळीस, वेग दहा. पाचाला थोडं कमी. बरोबर? आता पाणी वाहू द्या. जाताना ते जेवढा वेळ वाचवतं, त्यापेक्षा जास्त येताना खातं, कारण उलट्या पाण्यात तुम्ही जास्त वेळ अडकता. म्हणजे नदीत जाऊन परत यायचं असेल तर स्थिर पाण्यापेक्षा जास्तच वेळ लागणार. कमी कधीच नाही. हा खालचा खांब. वरचा खांब? दोन्ही वेळा उलटं पाणी धरा. अठ्ठेचाळीस भागिले आठ, सहा. आता मोनाली, तुझे चार कुठं पडले?"

"कुंपणाच्या बाहेर."

"मग काय करायचं?"

"फेकायचं. आणि का चुकलं ते बघायचं."

जायला दोन तास, यायला आठच्या वेगानं तीन तास. पाच. कुंपणाच्या आत.

घरी येताना टेंपोत ती माझ्याकडं पाठ करून बसली. मी बोललो, "मोने, माझ्यामुळं झालं काय?" तर खिडकीबाहेर कर्नाळ्याचा सुळका बघत बोलली, "लहानपणी आजोबांच्या होडीत एवढ्या वेळा बसवलंत. डोक्यात तीच होडी हाय. गणित वाचलं की आजोबा दिसतात विडी ओढताना, मी काय करू?"

घरी गुणाबाईला सांगितलं तर ती बोलली, "बापूस तसा, पोरगी तशी. दोघं पाण्याला धरून चालणारे." आणि तव्यावरचा मासा उलटला.

त्याच्यानंतर पोरीनं कुंपणाचा नादच लावून घेतला. घरात पण. गुणाबाई विचारायची, भात किती वेळात होईल, तर ही बोलायची, "दहा मिनिटांच्या वर, वीसच्या आत." गुणाबाई बोलायची, "तुला विचारलं त्यातच माझा अर्धा वेळ गेला."

परीक्षा खारघरच्या एका कॉलेजात होती, कॉम्प्युटरवर. मी सोडायला गेलो. गेटावर तिनं हात केला आणि आत गेली. मी बाहेर टेंपोत बसलो. आतमधी काय झालं ते तिनं नंतर सांगितलं, तसं सांगतो.

सगळं नीट चाललं होतं. कामाची गणितं, गाडीची गणितं, कुंपण घालत घालत. शेवटी वेळ कमी राहिला तेव्हा घाई सुरू झाली. आणि समोर आली होडी. स्थिर पाण्यात ताशी नऊ, प्रवाह ताशी तीन. होडी प्रवाहाबरोबर छत्तीस किलोमीटर जाऊन परत येते. तिनं भराभर केलं, नऊ आणि तीन बारा, छत्तीसला बारानं भागून तीन, दुप्पट सहा. पर्यायांत सहा होतंच. दाबलं आणि पुढं गेली.

पुढं एक टक्केवारीचं होतं. ते वाचत होती, पण डोळ्यासमोर आजोबा. नांगर टाकून विडी ओढतायत. बोलली, "बाबा, त्यांच्याकडं बघून मला एकदम आठवलं की मी पेन खाली ठेवलंच नव्हतं."

मागं गेली. पेन खरोखर टेबलावर ठेवलं. स्थिर पाणी धर. जाऊन येऊन बहात्तर, वेग नऊ, आठ तास. नदीत जास्तच लागणार. म्हंजे आठच्या वर. आणि आपलं उत्तर सहा. स्थिर पाण्यापेक्षा पण कमी. ही आजोबांची होडी हाय, पेपराची नाय. मग दोन्ही वेळा उलटं पाणी धरलं, बहात्तर भागिले सहा, बारा. आठ आणि बाराच्या मधी. पण पर्यायांत त्या मधी दोन आकडे होते, नऊ आणि दहा. इथं नुसत्या कुंपणानं भागत नव्हतं, पेन उचलावंच लागलं. जायला बारानं तीन तास. यायला सहानं, छत्तीस भागिले सहा, सहा तास. नऊ. सहा काढलं, नऊ दाबलं. टक्केवारीचं तसंच राहिलं, आणि पडदा बंद झाला.

ती बाहेर आली. मी विचारलं, "कसं गेलं?"

"एक सोडलं, एक धरलं."

"म्हंजे?"

"घरी चला, भूक लागली."

निकाल लागला तेव्हा मी बंदरावर होतो, बर्फ उतरवत होतो. फोन आला, पोरगी रडत होती, मला वाटलं गेलं. मी बोललो, "असू दे, मार्केटला आपण नवीन छत्री घेऊ." ती बोलली, "बाबा, झालं. काठावर झालं. पण या वेळेला आतल्या बाजूला." कटऑफच्या वर तिचा एक गुण पण पुरता नव्हता. आता तुमी बोला साहेब, तुमी तर त्यातले. ते सहा तसंच राहिलं असतं तर होडीचा गुण गेला असता, वर पाव गुण कापला असता. बाहेरच पडली असती.

मुलाखत झाली, नोकरी लागली. आता पेणच्या शाखेत असते. पहिल्या दिवशी नाथन सरांकडं गेलो आमी तिघं. गुणाबाईनं पापलेटं नेली होती, खवल्यांचा मासा सरांकडं चालतो ते तिला माहीत होतं. तमारबाईंनी लगेच तळायला घेतली. सर बोलले, "मोनाली, ती होडी मला सविस्तर सांग." तिनं सांगितली. ऐकून सर बोलले, "कुंपण माझं, पण तुला मागं फिरवलं तुझ्या आजोबांनी. त्यांनीच चुकवलं, त्यांनीच वाचवलं. हिशेब मिटला."

सरांची मुलगी तिकडं इस्रायलला असते, दरवर्षी बोलावते. सर सांगतात, ही बॅच नोकरीला लागली की येतो. बॅच लागते, दुसरी येते. आता रविवारी मोनाली पण तिथं शिकवते, होडीचा भाग तिच्याकडं. पहिल्यांदा विचारते, "खाडीकाठचं कोण हाय का?" हात वर झाला की त्याला पुढं बसवते. मी अजून मागं चटईवर बसतो. चहा मिळतो.

हे बघा आलं पनवेल. तुमाला स्टँडवर सोडतो, पैशाचं नाव काढू नका. पण एक काम करा माझं. पुढला पेपर काढाल ना, त्यात एकदा तरी असं गणित घाला: होडी ओहोटीला खाडीतनं बाहेर गेली आणि भरतीला आत आली. वेग दहा, पाणी दोन, अंतर चोवीस. आणि पर्यायांत पाच नक्की ठेवा. पुण्याची पोरं एकदा पाच दाबू देत, आणि आमच्या करंजाच्या एखाद्या पोरीला चार दाबून हसत बाहेर येऊ दे. घालाल ना साहेब? एवढं घालाच.